सुकी मासळी ‘विकल्यावर पैसे’ बोलीवर देताना: न विकलेला माल कोणाचा?



सुरतच्या नवागाम-डिंडोली भागात खान्देशी मंडळी खूप, आणि त्यांना सुके बोंबील, सुकट हवीच. तिथला दुकानदार म्हणतो, “माल ठेवून जा, विकल्यावर पैसे देतो.” आपण हो म्हणतो. पण या एका बोलीत दोन वेगळे व्यवहार लपलेले असतात.

समजा, बंदी लागताना १ जूनला आपण १०० किलो बोंबील ४०० रुपये भावाने ठेवले. हिशोबाची तारीख ३१ जुलै. दुकानदाराने ६० किलो विकले, तारखेला काहीच कळवलं नाही. १५ ऑगस्टला म्हणतो, “४० किलोला ओल लागली, किडे पडले, घेऊन जा.”

पहिला प्रकार, ‘विका नाहीतर परत करा’. वस्तू विक्री कायदा १९३०, कलम २४ सांगतं की ठरलेल्या तारखेपर्यंत नको म्हणून कळवलं नाही आणि माल ठेवून घेतला, तर तो दुकानदाराचा झाला. म्हणजे १ ऑगस्टपासून ते ४० किलो त्याचे. खराब झाले तरी त्याने पूर्ण ४०,००० रुपये द्यायचे. तारीखच ठरवली नसेल, तर ‘वाजवी मुदत’ धरतात, आणि वाजवी किती यावरच भांडण होतं.

दुसरा प्रकार, कमिशनवर माल. इथे दुकानदार आपला एजंट. गिऱ्हाइकाला विकेपर्यंत मालकी आपली, तारीख उलटली तरी. १० टक्के कमिशन धरलं, तर ६० किलोचे २४,०००, त्यातून २,४०० वजा, हाती २१,६००. खराब ४० किलो आपल्याच अंगावर. त्याच्या निष्काळजीपणाने माल भिजला असेल तर भरपाई मागता येते.

मग पहिलाच प्रकार बरा का? तसंही नाही. मालकी दुकानदाराकडे गेली आणि तो बुडाला, तर आपण बाकीच्या देणेकऱ्यांच्या रांगेत. कमिशनवर दिलेला शिल्लक माल आपला म्हणून उचलता येतो. मात्र तो आपलाच हे ओळखता आलं पाहिजे. म्हणून गोणीवर संस्थेचं नाव, लॉट नंबर हवा. गिऱ्हाइकाने नेलेला माल मात्र परत मागता येत नाही, तिथे फक्त दुकानदाराकडून पैसेच मागायचे.

म्हणून चलनावर सहीसकट एवढं लिहून घ्या: व्यवहार कोणता, मालकी कधी बदलणार, हिशोब कोणत्या वारी आणि विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, परतीची तारीख आणि गाडीभाडं कोणाचं, ओल-किडीचं नुकसान कोणाचं. माल देताना दोघांसमोर वजन करा, गोणी उघडून फोटो काढा. पावसाळ्यात दर आठवड्याला शिल्लक विचारा. ओल लागली हे पहिल्या आठवड्यात कळलं, तर माल पुन्हा वाळवता येतो.