रखडलेल्या क्लेमसाठी ईमेल: कुणाला, कधी आणि काय लिहाल

रुग्णालयाचं बिल तुम्ही स्वतः भरलं, फाइल दिली आणि पैसे अजून आले नाहीत. कॉल सेंटरला फोन करत बसू नका, कारण 'प्रोसेसमध्ये आहे' या उत्तराचा लेखी पुरावा उरत नाही. ईमेल करा.

आरोग्य विम्यात असा परताव्याचा क्लेम 15 दिवसांत निकाली काढायचा असतो. समजा, तुम्ही 10 जूनला 86,400 रुपयांची फाइल दिली. 24 जूनला औषधांची मूळ बिलं मागितली, ती तुम्ही 27 जूनला दिली. कंपनीने वाद घालू नये म्हणून दिवस शेवटच्या कागदापासूनच मोजा. म्हणजे 12 जुलै उलटला की ईमेल पाठवायचा.

पाठवायचा कुणाला, इथे बरेच जण चुकतात. टीपीए फक्त कागद तपासतो, क्लेमची जबाबदारी विमा कंपनीची असते. म्हणून ईमेल कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि प्रत टीपीएला. पत्ता पॉलिसीच्या कागदांत असतो. विषयात पॉलिसी क्रमांक आणि क्लेम क्रमांक दोन्ही हवेत. मजकूर एवढाच पुरे:

'माझा 86,400 रुपयांचा क्लेम 10 जूनला दाखल झाला. तुमच्या 24 जूनच्या मागणीनुसार मूळ बिलं 27 जूनला दिली, पोच जोडली आहे. मुदत उलटली आहे. काही कागद बाकी असल्यास सर्वांची यादी एकदाच लेखी द्यावी. नसल्यास रक्कम विलंबाच्या व्याजासह जमा करावी. ही औपचारिक तक्रार समजून तक्रार क्रमांक कळवावा.'

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याशिवाय ईमेल साधी चौकशी म्हणून बाजूला पडू शकतो. व्याज बँक दराहून 2 टक्के जास्त असतं. बँक दर 6 टक्के धरला, तर या रकमेवर महिन्याला सुमारे 568 रुपये होतात. रक्कम लहान आहे, तरी मागाच.

सोबत क्लेम फॉर्म, डिस्चार्ज समरी, अंतिम बिल व पावत्या, तपासणी अहवाल, रद्द केलेला चेक आणि पोच जोडा. मूळ कागद हातचे सोडण्याआधी सगळ्यांचं स्कॅनिंग करून ठेवा. नंतर रुग्णालयाकडून दुसरी प्रत काढायला पैसे आणि हेलपाटे दोन्ही पडतात. चेकवरचं नाव पॉलिसीतल्या नावाशी जुळतं का, तेही पाहा.

उत्तर आलं नाही तर bimabharosa.irdai.gov.in वर तक्रार नोंदवा किंवा 155255 ला फोन करा, दोन्ही मोफत. कंपनीला तक्रार देऊन महिना झाला आणि उत्तर नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार चालते, वर्षभरात जायला हवं. तिथे फी नाही आणि वकील किंवा एजंट चालत नाही. त्यामुळे 'क्लेम काढून देतो, टक्केवारी द्या' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.