कोनमापक वापरताना : "शून्य कुठे आहे?"

पाचवीच्या वर्गात फळ्यावर एक कोन काढला होता आणि तोच कोन सगळ्यांच्या वहीत छापील कागदावर दिला होता. मोजायला सांगितलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, ६५ अंश." तिच्या शेजारची लगेच म्हणाली, "नाही सर, माझा ११५ आला." दोघींच्या वह्या जवळ जाऊन पाहिल्या. दोघींनी कोनमापक अगदी बरोबर ठेवलं होतं. शिरोबिंदू केंद्रबिंदूवर होता, एक भुजा आधाररेषेवर होती. कोनही एकच. तरी उत्तरं दोन!

असा प्रसंग प्रत्येक वर्गात येतो. आपण बहुतेक वेळा "नीट बघून वाच" असं म्हणून पुढे जातो. पण त्या मुलीने नीटच बघितलेलं असतं. दुसरी भुजा जिथे टेकते तिथे कोनमापकावर खरोखरच दोन आकडे लिहिलेले असतात, ६५ च्या जागेचा आणि ११५ च्या जागेचा. त्यातला कोणता आपला, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून या चुकीला निष्काळजीपणा म्हणण्याआधी ती कुठून येते ते बघू या.

मुलांनी कोनमापकाच्या आधी पट्टी हाताळलेली असते. पट्टीवर शून्य नेहमी डावीकडे असतो आणि आकडे उजवीकडे वाढत जातात. शेवट जिथे होईल तिथला आकडा वाचला की झालं. हीच सवय घेऊन मूल कोनमापकाकडे येतं आणि शेवटचा, ठळक दिसणारा किंवा बाहेरच्या कडेजवळचा आकडा वाचतं. कोनमापकाला मात्र दोन शून्य आहेत. एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला. दोन्ही शून्यांपासून आकडे वाढत वाढत समोरच्या टोकाला १८० होतात. म्हणून कोणत्याही खुणेवरच्या दोन आकड्यांची बेरीज १८० येते. ६५ आणि ११५ ची बेरीज करून बघा. वर्गात दोन उत्तरं आली आणि त्यांची बेरीज १८० भरली, तर समजायचं की कोनमापक ठेवण्यात चूक नाही, फक्त आकड्यांची ओळ चुकली आहे.

दोन ओळी कशासाठी?

हे सांगण्यापेक्षा मुलांकडून करवून घेतलेलं बरं. प्रत्येकाला ट्रेसिंग पेपरचं एक अर्धवर्तुळ कापून द्या. त्याची मधोमध घडी घातली की ९० अंशाची खूण मिळते. घडी उघडून अर्धवर्तुळाच्या तीन सारख्या घड्या घातल्या की ६० आणि १२० मिळतात. त्या प्रत्येक भागाची पुन्हा अर्धी घडी घातली की ३०, ९०, १५० तयार होतात. आता उजव्या टोकाला ० लिहून डावीकडे ३०, ६०, ९०, १२०, १५०, १८० असे आकडे लिहायला सांगा. एकच ओळ. हे झालं आपलं घरगुती कोनमापक.

या कागदाने उजवीकडे भुजा असलेला ६० अंशाचा कोन मोजायला द्या. पटकन जमतो. मग तसाच ६० अंशाचा कोन द्या, पण त्याची आडवी भुजा शिरोबिंदूपासून डावीकडे गेलेली असू द्या. मुलं गोंधळतात. कोणी १२० म्हणतं. एखादं हुशार पोर कागद उलटा करून ठेवतं, आकडे उलटे दिसतात पण उत्तर ६० येतं. इथे विचारा, "दरवेळी कागद उलटा करायचा कंटाळा आला तर काय करू या?" कोणीतरी म्हणतंच, "सर, डावीकडूनपण आकडे लिहू!" दुसरी ओळ वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहून घ्या. दुसरी ओळ का आली हे कळलं की ती कधी वाचायची हेही अर्ध्याहून अधिक कळतं.

मोजण्याआधी एक प्रश्न, मोजताना एक बोट

कोनमापक हातात घेण्याआधी मुलांनी कोनाकडे बघून एवढंच सांगायचं : काटकोनापेक्षा लहान की मोठा? नजरेने सांगता आलं नाही तर कागदाचा काटकोनी कोपरा कोनावर ठेवून बघायचा. उत्तर वहीत "लघु" किंवा "विशाल" असं कोनाच्या आतच लिहून टाकायचं. आता लघु लिहिलेल्या कोनात ११५ आले तर मुलाला स्वतःलाच खटकतं.

पण या युक्तीची एक मर्यादा आहे. कोन ८५ किंवा ९५ अंशाचा असेल तर नजरेला तो काटकोनच वाटतो. तिथे अंदाज उपयोगी पडत नाही. म्हणून खरी भिस्त बोटावर ठेवायची.

कोनमापक ठेवून झालं की आधाररेषेवर असलेल्या भुजेवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "इथे शून्य कोणत्या ओळीत आहे?" त्या टोकाला ० आणि १८० असे दोन आकडे दिसतात. त्यातल्या शून्यावर बोट न्यायचं आणि त्याच ओळीतून मोठ्याने म्हणत जायचं, शून्य, दहा, वीस, तीस... दुसरी भुजा येईपर्यंत. बोटाने ओळ बदलायची नाही. गाडी ज्या रुळावर चढली त्याच रुळावरून उतरायची.

यामुळे आणखी एक लपलेली चूक सुटते. समजा कोन १२७ अंशाचा आहे. काही मुलं ओळ बरोबर निवडतात, पण भुजेच्या जवळचा १३० हा आकडा बघतात, तिथपासून भुजेपर्यंतच्या तीन बारीक खुणा मोजतात आणि १३० मध्ये ३ मिळवून १३३ लिहितात. ओळ बरोबर, दिशा उलटी. शून्यापासून बोट नेणारं मूल १२० ला पोहोचतं आणि तिथून पुढे १२१, १२२ असं १२७ पर्यंत जातं. वहीत ५३ दिसले तर ओळ चुकली आणि १३३ दिसले तर बारीक खुणा मोजण्याची दिशा चुकली. दोघांना समजावणं वेगळं हवं.

"भुजा उजवीकडे असेल तर आतली ओळ, डावीकडे असेल तर बाहेरची" असा नियम आपण घाईत सांगून टाकतो. तो सांगू नये असं माझं मत झालं आहे. भुजेच्या खालच्या बाजूला उघडणारा कोन मोजताना कोनमापक फिरवून उलटं ठेवावं लागतं. मग उजवीकडचं शून्य डावीकडे जातं आणि पाठ केलेला नियम नेमका उलटा पडतो. "शून्य कुठे आहे?" हा प्रश्न मात्र कोनमापक कसंही ठेवलं तरी बरोबरच राहतो.

कोन काढताना

कोन काढताना ही चूक जास्त महागात पडते, कारण मोजायला समोर तयार कोन नसतो. सातवीतल्या त्रिकोण रचनेचं उदाहरण घेऊ. रेख कख = ६ सेमी, ∠क = ५०°, ∠ख = ७०°.

मुलाने रेख कख काढली. क वर केंद्रबिंदू ठेवला. भुजा उजवीकडे गेली आहे, म्हणून उजवीकडच्या शून्यापासून ५० मोजून खूण केली. बरोबर. मग कोनमापक सरकवून ख वर ठेवलं आणि त्याच ओळीत ७० शोधला. चूक इथे झाली! ख पासून भुजा डावीकडे, क कडे गेली आहे. शून्य आता डावीकडचं घ्यायला हवं होतं. त्याने काढलेला त्रिकोणाच्या आतला कोन ७० नाही, ११० अंशाचा झाला.

गंमत अशी की तरीही त्रिकोण तयार होतो, म्हणून मुलाला शंका येत नाही. फक्त दोन्ही रेषा खूप लांब जाऊन मिळतात. बरोबर आकृतीत ग जवळचा कोन १८० − ५० − ७० = ६० अंश येतो आणि बाजू कग सुमारे ६.५ सेमी भरते. चुकीच्या आकृतीत ग जवळ फक्त २० अंश उरतात आणि कग सुमारे १६.५ सेमी होते. मुलं येऊन म्हणतात, "सर, रेषा वहीच्या बाहेर चाललीय." हे वाक्य ऐकलं की आधी ख जवळचा कोन तपासा. कच्ची आकृती आधी काढून घेतली असेल, तर दोन्ही कोन आत झुकलेले दिसतात आणि ख वरची रेषा बाहेर कललेली लगेच ओळखू येते.

दोन-चार अंशांचा फरक

उत्तर १८० मधून वजा केल्यासारखं नसून ४० च्या जागी ३५ असं येत असेल, तर ओळीत दोष नाही. बऱ्याच प्लास्टिकच्या कोनमापकांत शून्याची आधाररेषा कडेपासून थोडी वर असते. मूल पट्टीच्या सवयीने कडच भुजेवर ठेवतं. हे अंतर अर्धा सेंटीमीटर आणि खुणांची त्रिज्या साडेचार सेंटीमीटर असेल, तर ४० अंशाचा कोन जवळजवळ ५ अंश कमी दिसतो आणि १४० चा तेवढाच जास्त. ९० अंशाला मात्र फरकच पडत नाही.

म्हणजे काटकोन मोजायला देऊन मुलांची तपासणी होत नाही. तिथे दोन्ही ओळींवर ९० च असतात आणि कड ठेवली तरी उत्तर बरोबर येतं. सरावाला ३५ आणि १४० सारखे कोन द्या. एकच कोन एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, एकदा खाली उघडणारा असा द्या. भुजा आखूड असेल तर पट्टीने वाढवून घ्यायला सांगा, म्हणजे ती खुणांपर्यंत पोहोचते. भुजा वाढवल्याने कोन मोठा होत नाही, हे तेव्हाच मोजून दाखवा.

त्या दोघी मुलींना मी शेवटी एवढंच सांगितलं, "आपापलं बोट शून्यावर ठेवा आणि मोजत या." ११५ वाली मुलगी बोट ठेवायला गेली आणि थबकली. तिच्या ओळीत भुजेखाली शून्य नव्हतंच, १८० होते. "सर, मी उलटीकडून आले," ती म्हणाली आणि खोडरबर घेतलं.