वीस तारखेआधीची चौदा तारीख

अरे, दुकान आता तुझ्या हाती आलं. सीए तुला विसावी तारीख सांगेल, पण मी सांगतो, चौदावी आधी लक्षात ठेव.

हर्णेत 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या असतात, त्यांची रंगरंगोटी चालते, आणि रंग-दोर आपल्याकडून उधारीवर जातो. समज, एका छोट्या कारखान्याकडून 5 जुलैला रंग आला : 50,000 रुपये, वर 18 टक्के म्हणजे 9,000 कर. तोच रंग तू जुलैतच 60,000 ला विकलास, कर 10,800. होडीवाला पैसे देईल ऑगस्टात मासळी लागल्यावर, पण सरकार उधारी बघत नाही. जुलैचा कर 20 ऑगस्टपर्यंत भरायचाच.

कारखान्याने 11 ऑगस्टपर्यंत आपलं GSTR-1 भरलं, तर 14 तारखेला तुझ्या GSTR-2B मध्ये ते 9,000 दिसतील आणि खिशातून फक्त 1,800 जातील. त्याने चुकवलं, तर पूर्ण 10,800 तुलाच भरावे लागतील. 9,000 पुढे मिळतील, पण ऐन हंगामाच्या तोंडावर हात आखडतो. एका वर्षी माझं असंच झालं. तेव्हापासून चौदाला सकाळी मी बिलांची फाईल आणि टू-बी शेजारी ठेवून एकेक नंबर जुळवतो. न दिसणाऱ्या बिलासाठी त्याच दिवशी फोन.

म्हणून पुरवठादाराचे पैसे कधी द्यायचे, हेही चौदा तारखेशी बांध. सूक्ष्म-लघु कारखान्याला लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात, म्हणजे 20 जुलैलाच. करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, म्हणजे 19 ऑगस्ट. तर करार करूनच घे. मूळ 50,000 लवकर दे, कराचे 9,000 टू-बी बघून 19 च्या आत दे, आणि हे करारातच लिहून घे. त्याला फसवायचं नाही, मुदतही ओलांडायची नाही. मुदत टळली की बँक दराच्या तिप्पट व्याज चढतं, आणि मार्चअखेर मुदत उलटलेली बाकी राहिली तर तो खर्च त्या वर्षी आयकरात धरत नाहीत.

दुकानातल्या दोन्ही गड्यांचे पगार 10,000 च्या वर आहेत. त्यांच्या पगारातून दरमहा 200 व्यवसायकर काप, फेब्रुवारीत 300. तुझा स्वतःचा 2,500 मात्र 30 जूनला, बंदीच्या ऐन मध्यात येतो. तो मे महिन्यातच बाजूला काढ.

दुकानाच्या नोंदणीची चिंता नको, आपल्याइतकी थोडी माणसं असली की नूतनीकरण नाही. पण इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते. आपल्या काट्यावरचा शिक्का आजच बघ आणि त्याची तारीख वहीत लिहून ठेव.