तेरा ओळींची कैफियत

भिलाईच्या पावर हाउसमध्ये साड्यांना फॉल-पिको करून देण्याचे माझे लहानसे दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाईक बाईंनी गूगल मॅप्सवर एकच तारा देऊन "यांनी माझ्या साडीची वाट लावली, इकडे फिरकू नका" असा अभिप्राय लिहिला. त्याचा स्क्रीनशॉट भाच्याने मला धाडला, आणि साडी डोळ्यांनी न पाहताच मी अभिप्रायाखाली तेरा ओळींची कैफियत रुजू केली. तीत बाईंच्या धुण्याच्या पद्धतीवर ठपका होता आणि, लिहिताना लाज वाटते, त्यांनी दहा रुपयांसाठी केलेल्या घासाघिशीचाही उल्लेख होता.

संध्याकाळी राग निवळल्यावर मी मजकूर बदलला, कारण दुकानदाराला आपले उत्तर केव्हाही दुरुस्त करता येते. परंतु तोवर त्याचाही स्क्रीनशॉट निघून सेक्टरांतल्या व्हॉट्सॲप समूहांत फिरू लागला होता, आणि चित्रात गोठलेली अक्षरे कोणाच्याही दुरुस्तीला दाद देत नाहीत. शिवाय लांब उत्तर पडद्यावर दुमडले जाते. सबब चित्रात माझी पहिली दोनच वाक्ये उरली, आणि ती नेमकी आरोपाची होती.

चौथ्या दिवशी बाई साडी घेऊन आल्या. काठ निऱ्या पडल्यासारखा आक्रसला होता. फॉल उसवून काठाशी लावला, तर तो चांगला चार बोटे आखूड भरला: सुती फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायचा असतो, आणि माझ्या कारागिराने तो कोराच लावला होता. साडी सिंथेटिक, ती आटली नाही. फॉल आटला आणि काठाला ओढून घेऊन बसला. दोष निःसंशय आमचा होता.

त्या रात्री मी लिहिले: "आपली तक्रार रास्त आहे. फॉल न भिजवता लावल्याने काठ आक्रसला, ही आमची चूक. नवा फॉल विनामूल्य लावून देऊ." एवढेच. कबुली पहिल्या वाक्यात, कारण दुसऱ्याच्या पडद्यावर तेवढेच दिसण्याचा संभव; बाईंचे नाव, दूरध्वनी, बिलाची रक्कम यांपैकी काहीही नाही; आणि अभिप्राय काढून टाकण्याची अट तर मुळीच नाही, कारण मोफत कामाच्या मोबदल्यात अभिप्राय बदलवून घेणे गूगलच्या नियमांत बसत नाही. माझा एक शेजारी दुकानदार असे अभिप्राय सरसकट 'रिपोर्ट' करतो; पण ती सोय शिवीगाळ वा बनावट मजकुरासाठी आहे, आपल्याला न पटलेल्या मतासाठी नव्हे.

बाईंनी तारा बदलला नाही. दिवाळीला मात्र दोन साड्या टाकून गेल्या. जुने चित्र अधूनमधून कोणीतरी पुन्हा पाठवते, आणि त्यावर आजही "2 दिवसांपूर्वी" असेच छापलेले असते.