आणे, मुदत आणि वरकस

महाडला दस्तऐवजांची भाषांतरं करताना माझ्याकडे अनेकदा आधी कोणीतरी इंग्रजीत केलेला कागद तपासायला येतो. असाच एक कागद पोलादपूरच्या एका कुटुंबाचा होता. मुलं मुंबईत, शेत गावाला. 2021च्या महापुरात घरातली मूळ प्रत भिजून गेली, म्हणून त्यांनी नोंदणी कार्यालयातून दस्ताची नक्कल काढली. वाद हायकोर्टात पोचलेला. तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं, तेव्हा भाषांतर जोडणं भाग होतं. ते मुंबईत कोणाकडून तरी करून घेतलेलं. इंग्रजी सफाईदार होतं, पण दस्त मात्र पार बदलून गेला होता. कोकणातले जुने कागद इंग्रजीत नेताना कुठे पाय घसरतो, ते या एका कागदात पुरेपूर दिसतं.

दस्त मेट्रिक मापं येण्यापूर्वीचा. वर ‘पेटा पोलादपूर, तालुके महाड, जिल्हे कुलाबा’. कुलाब्याचं रायगड झालं 1981 साली. भाषांतरकाराने सरळ ‘रायगड’ लिहून टाकलं होतं. जुन्या तारखेच्या कागदावर तेव्हा नसलेल्या जिल्ह्याचं नाव आलं की कागदाच्या खरेपणावरच शंका घ्यायला समोरच्याला जागा मिळते. भाषांतरात कुलाबाच ठेवावं, आजचं नाव तळटिपेत द्यावं.

खरी गडबड आकड्यांत होती. जमिनीचं वर्णन असं: सर्व्हे नंबर, क्षेत्र 1-12-8, आकार 2-4-0, पैकी चार आणे अविभक्त हिस्सा. एकाच ओळीत आणे तीनदा आले आहेत आणि तिन्ही वेळा निराळे आहेत. क्षेत्रातला शेवटचा आकडा गुंठ्याचे आणे सांगतो. सोळा आण्यांचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे 1-12-8 हे एक एकर साडेबारा गुंठे. आकार म्हणजे सरकारी सारा, तिथे रुपये-आणे-पै. आणि ‘चार आणे हिस्सा’ म्हणजे सोळा आण्यांतले चार, चौथा वाटा.

मुंबईच्या भाषांतरात क्षेत्र ‘एक हेक्टर बारा पूर्णांक आठ आर’ झालं होतं. हिशेब करून पाहा. एक गुंठा सुमारे 101.17 चौरस मीटर, साडेबावन्न गुंठे म्हणजे 5,311 चौरस मीटर. हेक्टर समजून वाचलं तर 11,280. जमीन दुपटीहून मोठी झाली. हिस्सा तर ‘चार आणे किमतीचा भाग’ असा उतरला होता. खरा अर्थ साडेबावन्न गुंठ्यांचा चौथा भाग, म्हणजे तेरा गुंठे दोन आणे. त्यात ‘अविभक्त’ हा शब्दच गळलेला. अविभक्त हिस्सा घेणाऱ्याला अमुक बांधापासून तमुक बांधापर्यंत माझं, असं म्हणता येत नाही. त्याला आधी वाटप मागावं लागतं. तो शब्द गेला की सहहिस्सेदाराचा स्वतंत्र मालक होतो.

माप कोणतं हे ओळखायला मी एक साधी कसोटी वापरतो. मधला आकडा चाळीस किंवा त्याहून मोठा असेल तर ते गुंठे असूच शकत नाहीत. शेवटचा सोळा किंवा जास्त असेल तर ते आणे नव्हेत. दोन्ही लहान असतील, जसे इथे आहेत, तर आकडे काही सांगत नाहीत. तिथे दस्ताची तारीख पाहावी आणि त्याच नंबरचा आजचा सातबारा समोर ठेवावा. पण सातबारा फक्त समजून घेण्यापुरता. त्यातलं क्षेत्र उचलून भाषांतराच्या मजकुरात घालू नये. मजकुरात मूळ आकडे जसेच्या तसे, रूपांतर खाली ‘भाषांतरकाराची टीप’ म्हणून.

याहून घातक चूक शीर्षकात होती. दस्तावर ‘मुदत खरेदीखत’ असं लिहिलं होतं, इंग्रजीत नुसतं ‘सेल डीड’. आत अट होती: ठरलेल्या मुदतीत रक्कम परत केल्यास जमीन परत द्यावी, न केल्यास हेच कायम खरेदीखत समजावे. ‘द्यावी’ ही इथे सक्ती आहे. भाषांतरात ‘मे रिटर्न’ आलं होतं, म्हणजे घेणाऱ्याच्या मर्जीवर. दस्ताच्या भाषेतलं ‘द्यावी, करावी, समजावे’ हे बहुतेक वेळा ‘शॅल’ असतं, आणि या एका क्रियापदावर सगळा दावा उभा असतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये सशर्त विक्रीचं गहाण सांगितलं आहे. 1929च्या दुरुस्तीप्रमाणे परतीची अट त्याच दस्तात असेल तरच व्यवहार असं गहाण मानता येतो. गहाण ठरलं तर ते सोडवून घ्यायला आजच्या मुदत कायद्यात तीस वर्षं आहेत. निव्वळ विक्री ठरली तर हक्क संपला.

याचा अर्थ भाषांतरकाराने उत्साहाने ‘मॉर्गेज’ लिहावं असा मुळीच नाही. गहाण की विक्री, हे किंमत, ताबा आणि दोघांचा हेतू पाहून न्यायालय ठरवतं. आपण ‘मुदत खरेदीखत’ हे शब्द रोमन लिपीत तसेच ठेवावेत, पुढे चौकटी कंसात ‘ठरावीक मुदतीत परतीच्या अटीसह खरेदीचा दस्त’ एवढं इंग्रजीत सांगावं आणि थांबावं. अट त्याच कागदात आहे की वेगळ्या करारात, हे मात्र वाचणाऱ्याला लख्ख कळलं पाहिजे.

तिसरा शब्द ‘वरकस’. आपल्या डोंगरउतारांची ही जमीन. हिच्यावरचा पालापाचोळा, गवत, कवळं भाताच्या रोपवाटिकेत राब भाजायला जातात आणि कुठेकुठे नाचणी-वरीही होते. भाषांतरात तिची ‘वेस्ट लँड’ झाली होती. वरकसावर आकार बसतो, ती शेतजमीनच आहे. लागवडीस अयोग्य म्हणून वगळलेला तुकडा वेगळा, तो पोटखराबा. वरकसाला पडीक म्हटलं की शेतकरी नसलेल्या खरेदीदाराला वाटतं, कुळकायद्याचं कलम 63 आपल्याला लागूच नाही. मग विनापरवानगी व्यवहार होतो आणि तो पुढे अंगाशी येतो. हाही शब्द रोमन लिपीत ठेवून अर्थ द्यावा.

त्या कुटुंबाला मी नवं भाषांतर करून दिलं आणि त्यांच्या वकिलांनी दाखल करण्यापूर्वी जुनं बदललं. तुमच्या घरातला असा कागद इंग्रजीत जाणार असेल, तर दाखल होण्याआधी गावातल्या जुन्या जाणत्याला बसवून क्षेत्र, हिस्सा आणि अटी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि इंग्रजी जाणणाऱ्याने प्रत्येक ओळ त्याच वेळी ताडून पाहावी. दस्त मोडीत असेल तर आधी जाणकाराकडून बाळबोध लिप्यंतर करून त्याची वेगळी प्रत भाषांतराला जोडा. न लागलेल्या अक्षराच्या जागी अंदाज न लिहिता ‘वाचता येत नाही’ असंच लिहायला सांगा.