कागदपत्रं पाठवताना ‘रिप्लाय ऑल’ दाबण्याआधी

कॅम्पस मुलाखती होतात आणि दोन-तीन दिवसांत एचआरचा मेल येतो: निवड झालेल्यांनी रेझ्युमे, शेवटच्या सत्राची गुणपत्रिका, पॅन आणि आधार शुक्रवारपर्यंत पाठवावं. ‘टू’च्या रकान्यात तीसेक मुलांचे पत्ते असतात, ‘सीसी’त प्लेसमेंटचे सर आणि कंपनीतले विभागप्रमुख. घरात पेढ्यांची गडबड असते, आणि त्या गडबडीत मुलगा मोबाइलवरून ‘रिप्लाय ऑल’ दाबून आधार आणि पॅन साऱ्या वर्गाला वाटून मोकळा होतो.

म्हणून आधी पाहायचं ते रकान्यांकडे. तीस जणांना एकत्र आलेल्या मेलला उत्तर द्यायचं ते फक्त पाठवणाऱ्याला, म्हणजे साध्या ‘रिप्लाय’ने. याची उलट चूकही होते. मेल एकट्या तुम्हालाच आला आहे, सीसीत मुलाखत घेणारे आणि प्लेसमेंटचे सर आहेत, आणि विचारलंय ते रुजू होण्याच्या तारखेबद्दल. अशा वेळी त्या दोघांना वगळलंत, तर एचआरला तुमचं उत्तर पुन्हा त्यांच्याकडे पाठवत बसावं लागतं. इथे ‘रिप्लाय ऑल’च योग्य. ओळखपत्रं मात्र तेव्हाही वेगळ्या मेलने, फक्त एचआरला. बीसीसीत असाल तर जास्तच जपा. तुमचा पत्ता इतरांना दिसत नसतो; तुम्ही सर्वांना उत्तर दिलंत की दिसतो.

जीमेलच्या सेटिंगमध्ये Undo Send ची मुदत मुळात 5 सेकंदांची असते. ती 30 पर्यंत वाढवता येते, आजच वाढवून ठेवा. त्यानंतर गेलेला मेल परत येत नाही. ‘कृपया आधीचा मेल दुर्लक्षित करा’ असं पुन्हा सगळ्यांना लिहिलं, तर ज्यांनी उघडला नव्हता तेही उघडून बघतात. झालेली चूक एकट्या एचआरला कळवा आणि थांबा.

आता फाइली. मेल वाचून झाल्यावर जोडलेल्या फाइली डाउनलोड होतात आणि एका फोल्डरमध्ये तीस जणांच्या कागदांशेजारी जाऊन पडतात. तिथे तुमचा मेल सोबत नसतो, फाइलचं नाव तेवढं असतं. `IMG-20250612-WA0007.jpg` हे व्हॉट्सॲपने दिलेलं नाव किंवा `Resume (3).pdf` तिथे कुणाचंच नसतं. नाव, आडनाव आणि कागदाचा प्रकार, एवढं पुरतं:

```
Naav_Aadnav_Resume.pdf
Naav_Aadnav_Sem8_Marksheet.pdf
Naav_Aadnav_PAN.pdf
```

आपल्याकडे यात एक खास अडचण येते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, पॅनवर सहसा नाव आधी. अर्जात जो क्रम लिहिला होता, तोच सगळ्या फाइलींना द्या. तारीख घालायचीच असेल तर तिरपी रेघ नको, विंडोज ती स्वीकारत नाही. `final` आणि `new` हे शब्दही नकोत. कोणती आवृत्ती शेवटची, हे घरी तुम्ही ठरवायचं.

डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. तुमच्या फोनवर ती फाइल एकदा उघडली की तुम्ही पासवर्ड विसरून जाता, आणि समोरचा बंद फाइलकडे बघत बसतो. ‘आधारच्या फाइलला नेहमीचा पासवर्ड आहे’ एवढं वाक्य मेलमध्ये लिहा. कंपनीला चालत असेल तर मास्क्ड आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. पाठवण्याआधी प्रत्येक फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा.

सिग्नेचरला चार ओळी पुष्कळ झाल्या: रेझ्युमेवर आहे तसंच पूर्ण नाव, शाखा आणि वर्ष, कॉलेज, मोबाइल नंबर. कॉलेजच्या फेस्टमधलं जुनं पद, सुविचार, फोटो नकोत. काही मेल प्रोग्रामांत सिग्नेचरमधलं चित्र जोडलेल्या फाइलीसारखं दिसतं आणि खऱ्या कागदांत मिसळतं. जीमेलमध्ये नव्या मेलसाठी आणि उत्तरांसाठी सिग्नेचर वेगवेगळी निवडावी लागते. दुसरी निवड राहून गेली की नेमक्या उत्तराखालीच नाव नसतं. मोबाइल ॲपमधली सिग्नेचरही वेगळी तपासा.

विषयाची ओळ बदलू नका. ती बदलली की जीमेलमध्ये नवी साखळी सुरू होते आणि तुमचं उत्तर आधीच्या पत्रव्यवहारापासून तुटतं. शुक्रवारनंतर पोच आली नाही, तर दोन कामाचे दिवस जाऊ द्या आणि त्याच साखळीत दोन ओळींत विचारा.

पालकांना एक विनंती. मुलीचे कागद बाबांच्या मेलवरून गेले, तर एचआरच्या यादीत पाठवणारा म्हणून बाबांचं नाव दिसतं, आणि ते नाव कोणत्याच अर्जाशी जुळत नाही. सिग्नेचरमध्ये नंबरही तिचाच असू द्या, म्हणजे फोन आला की तीच उचलेल. तुम्ही फाइली उघडून बघा, स्पेलिंग तपासा. पाठवायचं बटण तिला दाबू द्या.