दुकानातील साठा आणि चल सरासरीचा हिशेब

पिंपळगाव राजासारख्या गावातील किराणा दुकानात रोज हमखास खपणाऱ्या वस्तू थोड्याच असतात: बिस्किटांचे पुडे, साबण, चहापत्ती, काडेपेटी. दुकानाचा गल्ला त्यांच्यावरच चालतो, आणि नेमक्या त्याच वस्तू ऐनवेळी संपतात. बिस्किटाचा पुडा मिळाला नाही म्हणून गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाते आणि तेथूनच किलोभर डाळही घेऊन येते. उलट जास्तीचा माल भरला, तर खामगावच्या ठोक व्यापाऱ्याचे पैसे अंगावर राहतात आणि पुडे मांडणीवर सादळतात. म्हणून पुढच्या आठवड्यात किती पुडे लागतील, हा प्रश्न दुकानदारास दर आठवड्यास सोडवावाच लागतो. तो अदमासाने न सोडवता वहीच्या आधारे कसा सोडवता येईल, एवढेच येथे दाखवण्याचा आमचा हेतू आहे. पुढील आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून आम्ही जुळवून घेतले आहेत.

सप्टेंबरच्या चार आठवड्यांत पाच रुपयांचे पुडे अनुक्रमे ११८, १२४, ११२ आणि १२६ खपले असे धरू. त्यांची बेरीज ४८०, सरासरी १२०. पाचव्या आठवड्यासाठी १२० हाच अंदाज. आठवडा संपला की सर्वांत जुना आकडा खोडायचा, नवा घ्यायचा आणि पुन्हा चाराने भागायचे. सरासरी अशी पुढे सरकत जाते, म्हणून तिला चल सरासरी म्हणतात. एखाद्या आठवड्यात कोणाच्या घरी कार्य निघाले आणि वीस पुडे एकदम गेले, तरी चार आठवड्यांच्या सरासरीत त्याचा धक्का पाचाच पुड्यांचा बसतो.

तिचा दोषही याच गुणातून येतो. पाचव्या आठवड्यात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली. शेतात मजूर आले, त्यांच्या चहाबरोबर बिस्किटे जाऊ लागली. विक्री १५० झाली, मग १६४, मग १७०. चल सरासरीचे अंदाज मात्र १२०, १२८ आणि १३८ असेच राहिले. तिन्ही वेळा अंदाज कमी पडला, तोही तीस किंवा त्याहून अधिक पुड्यांनी. चार आठवड्यांपूर्वीच्या आकड्यास ती कालच्या आकड्याइतकाच मान देते, त्यामुळे ती उशिरा जागी होते.

यावरचा उपाय एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग या नावाने प्रसिद्ध आहे. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन गणितज्ञाने तो दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या कामासाठी वापरला, पुढे सुट्या भागांच्या साठ्यास लावला आणि १९५९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. नाव जड असले तरी कृती एका ओळीची आहे:

नवा अंदाज = जुना अंदाज + ०.४ × (प्रत्यक्ष विक्री − जुना अंदाज)

म्हणजे आपली चूक किती झाली ते पाहायचे आणि त्या चुकीचा काही हिस्सा अंदाजात मिळवायचा. पाचव्या आठवड्यात अंदाज १२०, विक्री १५०, चूक ३०. तिचे चार दशांश १२. नवा अंदाज १३२. सहाव्यात १६४ खपले, चूक ३२, त्याचे सुमारे १३, अंदाज १४५. सातव्यात १७० खपले, चूक २५, त्याचे १०; अंदाज १५५. मागच्या साऱ्या आकड्यांची पाने उलटण्याची गरज नाही, शेवटचा एक अंदाज लक्षात असला की पुरे. रुपयाच्या भाषेत सांगायचे, तर या आठवड्याच्या विक्रीस चाळीस पैसे वजन मिळते, गेल्या आठवड्याच्या विक्रीस चोवीस, त्यामागच्या आठवड्यास सुमारे चौदा, आणि असे ते उतरत जाते. ०.४ ऐवजी ०.१ घेतले तर अंदाज संथ होतो; ०.८ घेतले तर तो प्रत्येक लहरीमागे धावतो. ज्या वस्तूची विक्री वर्षभर सारखी असते, तिला लहान हिस्सा योग्य. मिठाच्या बाबतीत दुसऱ्या विचाराची गरजच पडत नाही.

अंदाज म्हणजे मागणी नव्हे आणि मागणी म्हणजे साठा नव्हे. समजा टेम्पो आठवड्यातून एकदा येतो आणि मागणी नोंदवल्यापासून माल हाती येण्यास तीन दिवस लागतात. मग आज नोंदवलेल्या मालावर पुढची खेप येईपर्यंत एकूण दहा दिवस काढायचे असतात. आठवड्यास १२० या वेगाने दहा दिवसांस १७१ पुडे. त्यावर थोडा राखीव साठा हवा. नेहमीच्या आठवड्यांत अंदाज सरासरी ८ पुड्यांनी चुकतो, असे वहीवरून दिसत असेल, तर त्याची सव्वापट म्हणजे १० हे विक्रीच्या चढउताराचे माप धरतात. दहा दिवसांसाठी ते १२ होते. शंभरांतील पंचाण्णव वेळा माल पुरावा अशी इच्छा असेल, तर त्याची १.६५ पट, म्हणजे सुमारे २० पुडे राखीव. एकूण १९१. दुकानात ५० शिल्लक असतील तर १४१ मागवायचे. पेटीत २४ पुडे असतील तर सहा पेट्या.

आता पाचव्या आठवड्याच्या आरंभी हाच हिशेब केला असता तर काय झाले असते? त्या दहा दिवसांत १५० आणि पुढील तीन दिवसांचे ७० मिळून २२० पुडे लागले. हाती १९१. राखीव साठा असूनही २९ गिऱ्हाइके परत गेली असती. राखीव साठा चुकीच्या दोन्ही बाजूंचे चढउतार झेलण्यासाठी असतो. अंदाज सतत एकाच बाजूला चुकू लागला की तो अपुरा पडतो. हे ओळखण्यासाठी चुकांची चिन्हासह बेरीज करीत जावे. ती नेहमीच्या सरासरी चुकीच्या चौपटीहून वाढली, की हिशेबाचा पाया हलला आहे असे समजावे. येथे पाचव्या आठवड्यानंतर ती ३० होती, आठाच्या चौपटीहून, म्हणजे ३२ हून, किंचित कमी. सहाव्यानंतर ६२ झाली. तेव्हा सूत्र बाजूस ठेवून नवा अंदाज हाताने लिहावा.

सर्वांत फसवी चूक मात्र सूत्रात नसून वहीत असते. पाच दिवसांत १०५ पुडे संपले आणि दोन दिवस मांडणी रिकामी राहिली, तर वही १०५ दाखवते. दुकानदार तोच आकडा सूत्रात घालतो आणि अंदाज १२० वरून ११४ वर उतरतो! मागणी वाढत असताना मागणी घटल्याचा निष्कर्ष निघतो, पुढच्या वेळी माल आणखी कमी येतो, आणखी लवकर संपतो. त्यामुळे विक्रीच्या आकड्याशेजारी माल किती दिवस उपलब्ध होता हेही लिहिले पाहिजे. १०५ पाच दिवसांत गेले तर दिवसाला २१, सात दिवसांस १४७. हा आकडा सूत्रात घालावा. आठवडी बाजाराचा दिवस रिकाम्या दिवसांत गेला असेल, तर १४७ हाही आकडा तोकडाच ठरतो.

सोंगणी, कापूस वेचणी, दिवाळी, जूनची पेरणी यांची चाहूल सूत्रास लागत नाही. ते घडून गेल्यावरच त्यास कळते. सोंगणी संपून विक्री पुन्हा १२० वर आली की सूत्र आणखी दोन-तीन आठवडे जादा माल मागवीत राहील. मजूर कधी निघणार हे दुकानदार शेतकऱ्यास विचारू शकतो. आम्ही म्हणू की त्या आठवड्यापुरता अंदाज हाताने खाली आणावा, का आणला ते समासात लिहून ठेवावे, आणि पुढील वर्षी सोयाबीन पिवळे पडू लागताच तेच पान उघडावे.